पासबुक देना बँकेचं, पैसे कुठे?

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ २०११ मध्ये वारले, असं समजा. घर आवरताना पेटीत देना बँकेचं पासबुक निघतं. शेवटची नोंद मार्च २००९ ची, शिल्लक ४०,००० रुपये. सोबत एक जुनी पगाराची स्लिप, तिच्यावर एलआयसीच्या हप्त्याची कपात. मुलगा बँक शोधायला निघतो तर बँकच नाही.

दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. पूर्वी अशा खात्यातले पैसे त्या बँकेतच पडून राहत. मग बँकिंग नियमन कायद्यात कलम २६-ए आलं आणि २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधी सुरू केला. दहा वर्षं हात न लागलेली रक्कम बँकेने या निधीत भरायची. आपल्या उदाहरणात ती मुदत मार्च २०१९ मध्ये भरली आणि १ एप्रिल २०१९ ला देना बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाली. म्हणजे पैसे निधीत, पण दावा बँक ऑफ बडोदाकडे. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज करायचा नसतो; बँक वारसाला देते आणि मग निधीतून वसूल करते. दाव्याला कालमर्यादा नाही.

शोधासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये udgam.rbi.org.in आलं. त्याआधी बँकागणिक वेबसाइट धुंडाळावी लागे. पण इथे फक्त निधीत गेलेली खाती दिसतात. सहा वर्षं पडून असलेलं खातं दिसणार नाही, म्हणून ‘काही सापडलं नाही’ यावर थांबू नये. जुन्या खात्याला पॅन जोडलेला नसतो. तेव्हा जन्मतारखेने शोधावं आणि आडनाव आधी, नाव नंतर, असंही टाकून पाहावं. पतसंस्थेतली ठेव तर इथे मुळीच सापडत नाही, कारण पतसंस्था ही बँक नव्हे.

नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि दाव्याचा अर्ज एवढ्यावर भागतं. मात्र बँकेतला नॉमिनी पैसे स्वीकारतो तो वारसांच्या वतीने. घरातले अर्धे वाद इथेच पेटतात. नॉमिनी नसेल तर बाकीच्या वारसांची नाहरकत आणि हमीपत्र लागतं. रक्कम मोठी असेल तर कोर्टाचा वारसाहक्काचा दाखला. सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनी ही सीमा व्यापारी बँकांसाठी किमान १५ लाखांवर नेली, तेव्हा ४०,००० साठी कोर्टाची पायरी चढायचं कारण नाही.

स्लिपवरची पॉलिसी वेगळ्या वाटेने जाते. एलआयसीच्या वेबसाइटवर पॉलिसी क्रमांक नसला तरी नाव आणि जन्मतारखेवरून न घेतलेली रक्कम शोधता येते. हप्ते मध्येच थांबले म्हणून सगळं बुडालं असं नसतं. जुन्या पॉलिसीत साधारण तीन वर्षं हप्ते भरले असतील तर ती ‘पेड-अप’ होते: २० वर्षांच्या ५०,००० च्या पॉलिसीचे १० वर्षं हप्ते भरले तर २५,००० आणि तोवर जमलेला बोनस. दहा वर्षं कुणी न मागितलेली विम्याची रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. दावा तरीही विमा कंपनीकडेच, पण इथे मुदत आहे: निधीत गेल्यापासून २५ वर्षं. त्यानंतर रक्कम सरकारजमा.