प्रथमपुरुषी व तृतीयपुरुषी निवेदन

कथेतील घटना कोण सांगतो यावर वाचकाला काय कळू शकते आणि काय कळू शकत नाही, हे बरेचसे ठरते. कथेतलेच एखादे पात्र ‘मी’ म्हणून हकीकत सांगत असेल तर ते प्रथमपुरुषी निवेदन होय. कथेबाहेरचा निवेदक पात्रांविषयी ‘तो’, ‘ती’, ‘ते’ अशा शब्दांत सांगत असेल तर ते तृतीयपुरुषी निवेदन होय. पहिल्या प्रकारात वाचकाच्या माहितीला पडणारी मर्यादा निवेदकाच्या माणूसपणातून येते. त्याने जे पाहिले, ऐकले, वाचले किंवा ताडले, तेवढेच तो सांगू शकतो. दुसऱ्या प्रकारात अशी सक्ती नसते. तेथे लेखक आपल्या मर्जीने मर्यादा घालून घेतो आणि म्हणूनच ती मोडण्याचा मोहही तेथे अधिक असतो.

निवेदकाच्या या भेदाची चर्चा भारतीय साहित्यशास्त्रात बरीच जुनी आहे. भामहाने काव्यालंकारात आख्यायिका आणि कथा हे गद्याचे दोन प्रकार वेगळे करताना आख्यायिकेत नायक आपला वृत्तांत स्वतः सांगतो आणि कथेत तो इतरांकडून सांगितला जातो, असे म्हटले आहे. कुलीन माणूस आपल्या गुणांची वाखाणणी आपल्याच तोंडाने कशी करील, असे कारणही तो देतो. दंडीने काव्यादर्शात हा भेद नाकारला. आख्यायिकेतही इतर लोक सांगताना आढळतात, तेव्हा असा नियम दिसत नाही. शिवाय जे घडले तेच सांगणाऱ्याला आत्मस्तुतीचा दोष लागत नाही. म्हणून आख्यायिका आणि कथा ही एकाच जातीची दोन नावे समजावीत, असे त्याचे मत आहे. दोघांचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. सातव्या शतकाच्या आसपास धरला जातो. त्यांच्यात आधीचा कोण, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तथापि दंडीच्या विवेचनाला उत्तराचे वळण असल्यामुळे भामह आधीचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रत्यक्ष ग्रंथांकडे पाहिल्यास दंडीची बाजू बळकट ठरते. बाणभट्टाचे हर्षचरित ही आख्यायिका होय. परंतु तिचा नायक हर्ष निवेदक नाही, आणि आरंभीच्या भागात बाण स्वतःचे चरित्रही तृतीयपुरुषातच सांगतो.

या वादात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की दोन्ही आचार्यांपुढचा प्रश्न औचित्याचा आहे, ज्ञानाचा नाही. ‘मी’ म्हणणाऱ्याने स्वतःविषयी किती बोलावे, याची त्यांना चिंता आहे. त्याला इतरांच्या मनातले कसे कळले, हा प्रश्न ते विचारीत नाहीत. बाणाच्या ‘कादंबरी’ या कथाग्रंथाच्या रचनेत मात्र या प्रश्नाची जाण दिसते. शूद्रक राजाच्या सभेत आणलेला पोपट आपली कहाणी सांगतो. तिच्या पोटात जाबाली ऋषीने सांगितलेली पूर्वजन्मांची कथा येते, आणि त्या कथेत महाश्वेता आपली हकीकत स्वमुखाने सांगते. पोपटाला जे माहीत असणे शक्य नाही ते त्याने ऋषीकडून ऐकलेले आहे, आणि ऋषीला ते तपोबलाने दिसते. प्रत्येक माहितीमागे ती कोठून आली याचा दाखला ठेवलेला आहे. ऐकणारा शूद्रक हाच पूर्वजन्मी त्या कथेचा नायक चंद्रापीड होता, ही गोष्ट मात्र ऐकत असताना त्यालाही ठाऊक नसते.

आधुनिक विवेचनात ज्ञानाचा प्रश्न मध्यवर्ती झाला. वेन बूथ याने १९६१ मध्ये विश्वसनीय आणि अविश्वसनीय निवेदक असा भेद मांडला. १९७२ मध्ये जेरार झ्नेत या फ्रेंच अभ्यासकाने ‘कोण बोलतो’ आणि ‘कोण पाहतो’ हे दोन प्रश्न वेगळे केले. निवेदनाचा व्याकरणिक पुरुष आणि माहितीला घातलेली मर्यादा या दोन गोष्टी एकच नाहीत, हा त्याचा मुद्दा होता. पुढे त्याच्या वर्गीकरणात दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, पण ही मूळ विभागणी टिकून राहिली आणि प्रस्तुत नोंदीतही ती गृहीत धरली आहे.

प्रथमपुरुषी निवेदनात ‘मी’ एक असला तरी काळाच्या दृष्टीने दोन ‘मी’ असतात. एक घटना भोगणारा आणि दुसरा ती मागाहून सांगणारा. हरि नारायण आपटे यांची पण लक्षांत कोण घेतो? ही कादंबरी करमणूक या साप्ताहिकातून साधारणपणे १८९० ते १८९३ या काळात क्रमशः आली. तिच्यात विधवा झालेली यमुना आपल्या बालपणापासूनची हकीकत सांगते. लहान यमूला जे कळत नाही ते सांगणाऱ्या यमुनेला कळलेले आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी ती लहानपणच्या समजुतीपाशीच थांबते आणि पुढचे लगेच उघड करीत नाही. म्हणजे प्रथमपुरुषी निवेदकाची मर्यादा दोन प्रकारची असते. इतरांच्या मनात त्याला शिरता येत नाही, ही मर्यादा खरी. पुढे काय झाले हे माहीत असून न सांगणे, ही मात्र निवडलेली असते.

या दुसऱ्या मर्यादेचा टोकाचा वापर अगाथा ख्रिस्ती यांच्या द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड (१९२६) या कादंबरीत आढळतो. निवेदक डॉ. शेपर्ड हाच खुनी आहे. ॲक्रॉइडच्या अभ्यासिकेतल्या प्रसंगाविषयी तो सांगतो की पत्र आत आणले गेले तेव्हा नऊ वाजायला वीस मिनिटे होती, आणि आपण त्याला सोडून निघालो तेव्हा दहा मिनिटे होती व पत्र न वाचलेलेच होते. यातले एकही विधान खोटे नाही. मधली दहा मिनिटे तेवढी गाळली आहेत, आणि शेवटी निवेदक स्वतःच त्या जागेकडे बोट दाखवतो. हे निवेदन वाचकाशी प्रामाणिक आहे की नाही यावर तेव्हापासून वाद आहे. वाचकाला काळाचा हिशेब करण्याची साधने दिलेली होती, हे ध्यानात घेता त्याला सरळ फसवणूक म्हणणे कठीण आहे.

एकाहून अधिक प्रथमपुरुषी निवेदक योजले म्हणजे मर्यादा नाहीशी होत नाही, तिची वाटणी होते. शिवाजी सावंत यांची मृत्युंजय (१९६७) ही कादंबरी या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिच्या नऊ खंडांपैकी चार कर्णाच्या तोंडी आहेत आणि कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व श्रीकृष्ण यांना एकेक खंड दिलेला आहे. पहिल्या खंडात कर्ण आपल्या शरीराच्या वेगळेपणाविषयी कुतूहल बाळगतो, पण त्याचे कारण त्याला ठाऊक नाही; त्याच्या निवेदनापुरते वाचकालाही ते कळण्याचा मार्ग नाही. लगेच पुढचा खंड कुंतीचा येतो आणि जन्माचे रहस्य तिच्या आठवणीतून उघड होते. येथून पुढे वाचक कर्णाच्या पुढे असतो. कर्ण पुन्हा बोलू लागतो तेव्हा त्याचे प्रत्येक ‘सूतपुत्र’पणाचे दुःख वाचक दुहेरी वाचतो, कारण एक अर्थ कर्णाला दिसतो आणि दुसरा त्याला न दिसणारा असतो. खंडांचा क्रम उलटा केला असता, म्हणजे कुंतीचा खंड शेवटाकडे टाकला असता, तर हा परिणाम साधला नसता.

अर्थात मराठी वाचकाला कर्णाचे जन्मरहस्य महाभारतामुळे आधीच माहीत असते, असा आक्षेप येथे घेता येईल. तो खरा आहे, पण त्यामुळे निवेदनाची मर्यादा निरर्थक ठरत नाही. परंपरेने दिलेली माहिती आणि कथेतल्या माणसाला असलेली माहिती यांमधले अंतर हेच अशा कादंबरीचे भांडवल असते. कर्णाच्या मृत्यूचा भाग श्रीकृष्णाकडे सोपवला आहे. कर्ण मृत्यूनंतर बोलतो आहे, ही सवलत कादंबरीने आरंभीच घेतलेली असल्याने हा बदल केवळ अपरिहार्यतेपोटी केला, असे म्हणता येत नाही. स्वतःच्या मरणाचे बाहेरून दिसणारे रूप ‘मी’ला सांगता येत नाही, ही अडचण मात्र त्यामागे असावी.

तृतीयपुरुषी निवेदनात सर्वज्ञ निवेदक सर्वांच्या मनात वावरतो, तर मर्यादित निवेदक एकाच पात्राच्या जाणिवेपाशी राहतो. दुसऱ्या प्रकारात मराठीची एक व्याकरणिक सोय विशेष उपयोगी पडते. ‘दामू दाराआड उभा राहिला. त्याला कोणी पाहिले तर?’ आणि ‘दामू दाराआड उभा राहिला. आपल्याला कोणी पाहिले तर?’ या दोन वाक्यांपैकी पहिल्यातली भीती निवेदकाची किंवा दुसऱ्या कोणाचीही असू शकते. दुसऱ्यातली दामूचीच आहे. ‘आपण’ या सर्वनामामुळे ‘त्याला वाटले’ हे न सांगताही आपण दामूच्या मनात आहोत हे कळते. त्यातच मराठीत इतरांचे बोलणे किंवा विचार सांगताना मूळ काळ सहसा बदलावा लागत नाही, म्हणून ‘उद्या काय होणार?’ हे वाक्य भूतकाळी निवेदनात तसेच बसते. परिणामी निवेदकाच्या वाक्यातून पात्राच्या विचारात शिरल्याचे वाचकाच्या लक्षातही येत नाही, आणि पात्राचा गैरसमज तो निवेदकाने दिलेली वस्तुस्थिती म्हणून स्वीकारतो.

निवेदन कोणाच्या जाणिवेला बांधलेले आहे हे पाहण्यासाठी रोलां बार्थ याने १९६६ मध्ये एक साधी कसोटी सुचवली होती. तृतीयपुरुषी परिच्छेद प्रथमपुरुषात लिहून पाहावा. ‘दामूला पलीकडून पावलांचा आवाज ऐकू आला’ या वाक्यात ‘दामूला’च्या जागी ‘मला’ घातले तर दुसरे काही बदलावे लागत नाही. ‘दामूला एकाएकी काहीतरी आठवल्यासारखे दिसले’ हे मात्र तसे बदलता येत नाही, कारण स्वतःला काय आठवले याचा अंदाज कोणी स्वतःच्या चेहऱ्यावरून बांधत नाही. पहिले वाक्य दामूच्या आतून आहे, दुसरे बाहेरून. एकाच प्रसंगात अशी दोन्ही वाक्ये विनाकारण मिसळली तर निवेदनाची बैठक हलली आहे असे समजावे.

प्रथमपुरुषी निवेदनातला दोष याच्या उलट दिशेने येतो. निवेदक इतरांच्या मनातले ठामपणे सांगू लागला की मर्यादा ओलांडली जाते; ‘त्याला राग आला’ याऐवजी ‘त्याला राग आला असावा’, ‘तो रागावला म्हणे’ किंवा ‘त्याने हातातली विडी विझवून टाकली’ अशी रूपे त्याला वापरावी लागतात. यांतले पहिले अनुमान आहे, दुसरे ऐकीव आहे आणि तिसरे पाहिलेले आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या बनगरवाडीतला (१९५५) तरुण शिक्षक परक्या धनगरवस्तीत आलेला असल्यामुळे वस्तीतल्या माणसांविषयीचे त्याचे ज्ञान पाहिलेल्या आणि ऐकलेल्या गोष्टींतूनच जमत जाते. या बंधनातून सुटण्यासाठी दुबळे लेखक निवेदकाला दाराआड उभे करून संभाषण ऐकवतात, किंवा दुसऱ्याची पत्रे वेळेवर त्याच्या हाती पाडतात. एखाद्या वेळी हे खपते. वारंवार झाले की निवेदक आहे तिथे कथानकाच्या सोयीसाठीच उभा आहे, हे उघड होते.

तृतीयपुरुषी निवेदन नेहमी अधिक माहिती देते, हा समजही सैल आहे. निवेदक कोणाच्याही मनात न शिरता फक्त हालचाली आणि बोलणे नोंदवीत गेला, तर वाचकाला मिळणारी माहिती अनेकदा प्रथमपुरुषी निवेदनापेक्षाही कमी असते, कारण ‘मी’ निदान एका मनाचा तरी साक्षीदार असतो.