बॅक-टू-बॅक लाँग रन

बॅक-टू-बॅक म्हणजे लागोपाठ दोन दिवस, बहुतेक शनिवार-रविवार, केलेले दोन लांब रन. अल्ट्रा म्हणजे मॅरेथॉनच्या 42.195 किमीपेक्षा लांब रेस, आणि तिच्या तयारीत एकाच दिवशी 50 किमी पळायला गेलं की शेवटी शेवटी पाय ओढायला लागतात, दुखापतीची भीती वाढते आणि पुढचा आठवडा वाया जातो. तेच अंतर दोन दिवसांत वाटलं तर मधे जेवण, झोप मिळते. तरीही स्नायूंतला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, पूर्ण भरलेला नसतो आणि मांड्या आदल्या दिवशीच्या दुखत असतात, म्हणजे रविवारी सुरुवातच रेसच्या मधल्या टप्प्यासारखी होते, आणि सराव त्याचाच करायचाय.

उदाहरण दापोलीचं घेऊ, 50 किमीच्या रेससाठी. दापोली साधारण 800 फुटांवर, हर्णै समुद्रालगत, मधे आसूदचा उतार, जाऊन-येऊन 30 किमीच्या आसपास. शनिवारी पहाटे साडेचारला हेडटॉर्च लावून निघायचं. उतारावर दम लागत नाही म्हणून सगळे सुसाट सुटतात, आणि खरी चूक तिथेच होते, कारण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारतो आणि त्यातच जास्त फाटतो. तेव्हा छोटी पावलं टाकायची, येताना चढ सरळ चालत चढायचा. पूर्ण वेळ गप्पा मारता येतील एवढाच वेग. रविवारी 18 ते 20 किमी, शक्यतो सपाट, आणि अंतरापेक्षा घड्याळ बघून, अडीच तास झाले की बास.

माझ्या मते दोन रनमधले तास सगळ्यात महत्त्वाचे. घरी आल्यावर अर्ध्या-एक तासात मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज घ्यायची, दुपारी पोटभर भात-आमटी. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो, आणि किती गेला ते बघून कळत नाही. रनच्या आधी आणि नंतर वजन करायचं, दीड किलो कमी भरलं तर साधारण दीड लिटर पाणी गेलं. ते दिवसभरात भरायचं, मिठासकट. उलट वजन वाढलं असेल तर नुसतं पाणी जास्त झालंय, रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं, ते धोक्याचं.

रविवारी पहिले दोन-तीन किमी पाय लाकडासारखे वाटणारच, ते बहुधा सुटतात. पण दुखणं एकाच जागी बोट ठेवून दाखवता येत असेल, किंवा लंगडत पळावं लागत असेल, तर तिथूनच माघारी फिरायचं. लघवी चहासारखी काळपट झाली तर रन सोडा, आधी डॉक्टर गाठा, स्नायू तुटून किडनीवर ताण येत असू शकतो.

असा जोड वीकेंड दर आठवड्याला करू नये, तीन आठवड्यांतून एकदा पुरतो, सोमवारी पूर्ण आराम. शेवटचा रेसच्या तीन-चार आठवडे आधी.