कांद्याला २०१९ उजाडावं लागलं: इमोजी ‘मंजूर’ होतो म्हणजे काय होतं?

लासलगाव, पिंपळगाव, उमराण्याच्या बाजारभावाचा मेसेज हल्ली आमच्या गटांत आला की आकड्यांच्या आधी कांद्याचं चित्र दिसतं. २०१९ पूर्वी ते नव्हतंच. तेव्हा आमच्याकडची मंडळी 🌰 हे चित्र पाठवायची. ते चेस्टनटचं, म्हणजे जपानमध्ये शरद ऋतूत भाजून खातात त्या फळाचं. तपकिरी, खाली गोल आणि वर निमुळतं, त्यामुळे लहान पडद्यावर ते लाल कांद्यासारखं दिसायचं आणि कुणाची तक्रार नसायची. पण ज्या फळाचं नावही नाशिक जिल्ह्यात फारसं कुणाला ठाऊक नाही ते फोनमध्ये आधी आलं आणि कांदा नऊ वर्षांनी आला. असं का झालं ते पाहताना इमोजी ठरवण्याची सगळी पद्धत समजते.

पहिली मोठी खेप २०१० ची. त्या वेळी कुणी बसून चित्रं निवडली नव्हती. जपानी मोबाइल कंपन्यांच्या फोनमध्ये चित्रं आधीपासून होती, आणि एका कंपनीच्या फोनवरून पाठवलेलं चित्र दुसऱ्या फोनवर भलतंच उमटायचं. हा घोळ मिटवायला ती चित्रं युनिकोडच्या यादीत घेतली गेली. युनिकोड म्हणजे सगळ्या फोन-संगणकांसाठी प्रत्येक अक्षराला आणि चित्राला एकच क्रमांक ठरवून देणारी संस्था. द्राक्षं, वांगं, टोमॅटो, भाजलेलं रताळं आणि चेस्टनट हे सगळं २०१० चंच. बटाटा, गाजर, काकडी यायला २०१६ उजाडलं. कांदा आणि लसूण २०१९ मध्ये एकाच वेळी आले, आलं आणि मटार २०२२ मध्ये. नाशिकची द्राक्षं वेळेत पोचली ती जपानच्या आवडीनिवडीमुळे. पुढे मात्र प्रत्येक चित्रासाठी रीतसर प्रस्ताव लागू लागला.

प्रस्ताव कुणीही पाठवू शकतं. त्यासाठी कंपनी किंवा संस्थेचं पाठबळ लागत नाही आणि फीही नसते. अलीकडच्या वर्षांत प्रस्ताव घेण्याचा काळ एप्रिल ते जुलैअखेर असा असतो. प्रस्ताव इंग्रजीत लिहायचा. सोबत नमुन्याचं चित्र द्यायचं, रंगीत आणि काळं-पांढरं, ७२ बाय ७२ पिक्सेल आणि १८ बाय १८ पिक्सेल अशा दोन आकारांत, आणि त्या चित्राचे हक्क आपल्याकडे असले पाहिजेत. हा १८ पिक्सेलचा चौकोन बऱ्याच कल्पना गारद करतो. मिसळीची वाटी एवढ्याशा जागेत बसवून पाहा. तर्री, फरसाण आणि कोथिंबीर मिळून एक लालसर ठिपका उरतो, आणि तो आधीच असलेल्या आमटी-भाताच्या किंवा वाडग्याच्या चित्राहून वेगळा दिसत नाही. कांदा इथे सहज पास होतो, कारण त्याचा आकारच ओळखू येतो.

त्यानंतर येतो सगळ्यात वादाचा भाग: हे चित्र लोक वापरतील हे सिद्ध कसं करायचं? ‘आमच्याकडे रोज लागतं’ हे म्हणणं चालत नाही. लाखभर सह्यांचं निवेदन तर नियमांनुसार पुरावाच धरलं जात नाही. प्रस्तावात शोधांचे आलेख जोडावे लागतात. जगभरातले लोक हा शब्द किती शोधतात, त्याचे व्हिडिओ किती, छापील पुस्तकांत तो किती वेळा येतो हे दाखवायचं. आणि हे आकडे नुसते देऊन भागत नाही, ते एका ठरलेल्या शब्दाशेजारी ठेवून दाखवायचे. सध्याच्या नियमांत तो शब्द आहे elephant, म्हणजे हत्ती. वापराच्या क्रमवारीत हत्तीचं चित्र साधारण मध्यावर पडतं म्हणून त्याला मोजपट्टी केलं. नव्या शब्दाची रेघ हत्तीच्या रेघेच्या बरोबरीने किंवा वर गेली तर प्रस्तावात दम आहे असं मानतात.

मोजपट्टी एकच असल्यामुळे मनमानी कमी होते हे मान्य. समितीसमोर ढीगभर प्रस्ताव असतात आणि प्रत्येकाला आपलंच चित्र जगाला हवं आहे असं वाटतं. पण ही पट्टी कशाने आखली आहे ते पाहिलं पाहिजे. पुस्तकांतला शब्दवापर मोजणारं जे साधन त्यासाठी वापरतात, त्या गूगल बुक्सच्या एनग्राममध्ये इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन, रशियन, हिब्रू आणि चिनी पुस्तकं आहेत. मराठी नाही, हिंदीही नाही. म्हणजे ‘कांदा’ हा शब्द शंभर वर्षांच्या मराठी पुस्तकांत कितीही वेळा आला असला तरी त्या आलेखात त्याचं वजन शून्य. कांद्याला फटका बसला नाही, कारण onion जगभर खातात आणि इंग्रजीतही त्याला तोच मान आहे. जी गोष्ट एकाच भाषेच्या प्रदेशात रोजची आहे, तिची रेघ मात्र आलेखाच्या तळाला चिकटून राहते. माझ्या मते हा दोष बारीक नाही. वापर मोजण्याऐवजी इथे बऱ्याच अंशी इंग्रजीतली ओळख मोजली जाते.

गंमत म्हणजे उलट दिशेनेही पट्टी चुकते. onion नावाचं एक अमेरिकन व्यंग-वृत्तपत्र आहे, आणि इंटरनेटवरच्या छुप्या जाळ्यातल्या पत्त्यांचा शेवटही .onion असाच होतो. नुसता शब्द शोधला तर भाजीशी संबंध नसलेले शोधही कांद्याच्या खात्यावर जमा होतात. म्हणून अनेकार्थी शब्दाला जोड शब्द लावून शोध घ्या, असं नियम सांगतात. sari आणि diya यांची हीच अडचण. ही जगात कित्येक बायकांची नावं आहेत, तेव्हा आलेख पाहताना वस्त्र किती, दिवा किती आणि व्यक्ती किती हे वेगळं काढावं लागतं. आलेखाचा आकारही बघतात. भाव भडकले की भारतातून कांद्याचे शोध अचानक उसळतात, पण असा सुळका फायद्याचा नसतो, कारण तात्पुरत्या चर्चेवरचं चित्र नाकारायचं हाही नियमच आहे. रेघ वर्षानुवर्षं एका उंचीवर राहिली पाहिजे.

बाकीचे नकाराचे निकष थोडक्यात सांगता येतात. देवदेवता, विशिष्ट इमारती, विशिष्ट माणसं, कंपन्यांची चिन्हं चालत नाहीत. म्हणून २०१९ च्या यादीत हिंदू मंदिर आलं, पण त्र्यंबकेश्वर येणार नाही. साडीही त्याच यादीत आली, आणि ती आल्यामुळेच येवल्याच्या पैठणीचा रस्ता बंद झाला. आधीच्या चित्राने काम भागत असेल तर त्याचा एक प्रकार वेगळा देत नाहीत. रिक्षा आणि पणती हीसुद्धा त्याच वर्षाची. भारतीय वाचकाला ओळखीची इतकी चित्रं दुसऱ्या कुठल्या खेपेत एकत्र आल्याचं मला दिसलेलं नाही.

प्रस्ताव आधी इमोजीपुरती नेमलेली उपसमिती वाचते. ती नाकारते, दुरुस्त करायला सांगते किंवा वर पाठवते. वरची तांत्रिक समिती वर्षातून चार वेळा बसते आणि अंतिम निर्णय तिचा. मधल्या काळात चित्र ‘उमेदवार’ असतं. त्याला क्रमांकही दिलेला असतो, पण तो कच्चा, बदलू शकणारा. ‘अमुक इमोजी मंजूर’ अशा बातम्या बहुतेक वेळा याच टप्प्यावर छापून येतात आणि लोक फोन अपडेट करून वैतागतात.

कांद्याच्या तारखा बघितल्या की हे अंतर समजतं. ज्या यादीत तो होता ती फेब्रुवारी २०१९ मध्ये पक्की झाली आणि ५ मार्चला युनिकोडच्या बाराव्या आवृत्तीत प्रसिद्ध झाली. त्या आवृत्तीत ६१ नवे इमोजी होते. तरी त्या दिवशी कुणाच्याही फोनवर कांदा दिसला नाही. अँड्रॉइड १० सप्टेंबरच्या सुरुवातीला आलं, आणि आयफोनवर तो २८ ऑक्टोबरच्या अपडेटमध्ये, म्हणजे iOS 13.2 मध्ये पोचला. या दोन तारखांच्या मध्ये, २९ सप्टेंबरला, केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्या हिवाळ्यात शहरांत किलोचा भाव शंभरावर गेला. आमच्या गटांतून चेस्टनट हद्दपार झालं ते त्याच दिवसांत.

एवढा वेळ लागतो, कारण समिती चित्र मंजूर करतच नाही. ती एक क्रमांक आणि एक नाव मंजूर करते. कांद्याचा क्रमांक U+1F9C5 आणि नाव ONION. हे नाव कायमचं, चूक निघाली तरी बदलत नाहीत. तक्त्यात काळं-पांढरं चित्र असतं ते फक्त ओळखीपुरतं. रंग, छटा, पाकळ्या हे सगळं फोन बनवणारी प्रत्येक कंपनी आपापलं काढते, आणि त्याला महिने जातात. आपल्या द्राक्षाचा रंग चुकला असं अनेकांना वाटतं ते इथलंच. नाशिकहून निर्यात होणारी द्राक्षं मुख्यतः हिरवी आणि फोनवर मात्र घोस जांभळा. क्रमांक फक्त ‘द्राक्षं’ एवढंच सांगतो, जांभळा रंग चित्रकाराचा. त्यासाठी युनिकोडकडे अर्ज करून उपयोग नाही.

क्रमांक पोचला आणि फोनकडे त्याचं चित्र नसलं की रिकामी चौकट दिसते. साध्या एसएमएसमध्ये चौकट आणि त्याच फोनच्या व्हॉट्सअॅपमध्ये कांदा, असं दिसलं तर मेसेज बरोबर आलेला असतो. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅप स्वतःची चित्रं बाळगतं, फोनची वापरत नाही. म्हणून जुन्या फोनवर अॅप अपडेट केलं की काम होतं.

२०२० नंतर वेळापत्रक सरकलं. साथीमुळे चौदावी आवृत्ती मार्च २०२१ ऐवजी सप्टेंबरात आली आणि पुढच्या आवृत्त्याही सप्टेंबरातच येत राहिल्या. त्यामुळे आयफोनवर चित्र पोचायला आता पुढच्या वर्षीचा मार्च उजाडतो. २०२४ च्या सप्टेंबरची चित्रं ३१ मार्च २०२५ ला आली. संख्याही आटली. त्या वर्षी नवे क्रमांक जेमतेम सात, आणि एक ध्वज. ध्वजांचे प्रस्ताव तर २०२२ पासून घेतच नाहीत.

एक काम मात्र मराठी माणसाच्या हातात राहिलं आहे. क्रमांकाबरोबरचं इंग्रजी नाव गोठलेलं असलं तरी प्रत्येक भाषेतलं बोलीचं नाव आणि शोधशब्द वेगळ्या साठ्यात असतात आणि ते बदलता येतात. ठरावीक काळात त्या त्या भाषेचे जाणकार तिथे शब्द सुचवतात आणि त्यावर मतं देतात. कीबोर्डवर मराठीत शब्द टाइप केल्यावर कुठलं चित्र समोर येतं ते बऱ्याच अंशी याच साठ्यावर ठरतं. तिथे शब्द टाकायला हत्तीशी तुलना करावी लागत नाही.