तीन वर्षांचा दर: नुसतं घनमूळ की पूर्ण त्रिघाती समीकरण?

एकरकमी पैशाचा हिशोब बहुतेकांना येतो. ३०,००० ठेवले, ३ वर्षांनी ३९,९३० झाले, पैसा दरवर्षी x पट होतो असं धरलं तर x³ = १.३३१, घनमूळ १.१, दर १० टक्के. (एकूण वाढीला सरळ ३ ने भागणारेही असतात, ते ११ टक्के सांगतात, ते चूक आहे, बस.)

खरा घोळ होतो तो दरवर्षी पैसे भरले की. समजा दर वर्षाच्या सुरुवातीला १०,००० असे तीनदा भरले आणि तिसऱ्या वर्षाअखेर ३७,००० हातात आले. लगेच लोक ३७,००० भागिले ३०,००० करतात, १.२३३३ चं घनमूळ काढतात आणि ७.२४ टक्के म्हणून मोकळे होतात, आणि वर स्कीमला नावं ठेवतात! अहो, पण ३०,००० तीन वर्षं होते कुठे? पहिला हप्ता तीन वर्षं वाढला, दुसरा दोन, तिसरा एकच. म्हणून प्रत्येक हप्त्याचा घात वेगळा येतो:

x³ + x² + x = ३.७

आता नुसत्या घनमुळाने भागत नाही कारण x² आणि x सुद्धा बसलेत. पण त्रिघाती समीकरणाचं मोठं सूत्रही लागत नाही, माझ्या मते तर ते इथे वापरूच नये. x धन असेल तर डावी बाजू x सोबत वाढतच जाते, म्हणजे धन उत्तर एकच, बाकीची दोन मुळं वास्तव नाहीतच. मग सरळ अंदाज घालायचा. १.१० घातला की ३.६४१ येतात, कमी पडले. १.११ घातला की ३.७०९७, जास्त झाले. मधलं अंतर प्रमाणात वाटलं की x जवळपास १.१०८६, म्हणजे दर १०.८६ टक्के. पडताळा हवा तर पैसा सरासरी दोनच वर्षं होता ना, म्हणून १.२३३३ चं वर्गमूळ काढा, साधारण ११ टक्के येतं, म्हणजे उत्तर त्याच्याच आसपास हवं. ७.२४ तिथेच पकडलं जातं.

आणि हप्ता वर्षाच्या सुरुवातीला की शेवटी हे आधी बघा, याबाबतीत मी फार हट्टी आहे. शेवटी भरला तर तिसऱ्या हप्त्याला वाढायला वेळच नाही, समीकरण x² + x + १ = ३.७ होतं, म्हणजे त्रिघाती राहतच नाही, आणि दर निघतो २१.७६ टक्के. रकमा अगदी त्याच! एक्सेलमध्ये लोक नेमके इथेच फसतात:

```
=RATE(3,-10000,0,37000,1)
```

शेवटचा 1 म्हणजे हप्ता सुरुवातीला. तो विसरलात तर एक्सेल काही एरर देत नाही, गुपचूप २१.७६ दाखवतं.