सोयाबीनच्या व्हिडिओत टॉनिकची जाहिरात आणि एआयची दृश्यं: यूट्यूबवर काय, कुठे जाहीर करायचं

मराठवाड्यात शेतीचे चॅनल आता गावोगाव झालेत. सोयाबीन फुलोऱ्यात आलं की टॉनिकवाल्या कंपन्यांचे फोन सुरू होतात. अशा व्हिडिओत दोन गोष्टी प्रेक्षकाला सांगाव्याच लागतात: मोबदला घेतलाय का, आणि दाखवलेलं दृश्य किंवा आवाज कृत्रिम आहे का. दोन्हींच्या खुणा वेगळ्या आहेत, एक केली म्हणून दुसरी सुटत नाही. एकच उदाहरण घेऊन बघू.

समजा, औसा तालुक्यातल्या एका तरुणाने नऊ मिनिटांचा व्हिडिओ केला. विषय सोयाबीनची फूलगळ. कंपनीने त्याला आठ हजार रुपये आणि औषधाच्या दोन बाटल्या दिल्या. औषधाचं बोलणं ३:१० पासून ५:४० पर्यंत आहे. मध्ये शेंगांनी लगडलेल्या रानाचं ड्रोनने घेतल्यासारखं दृश्य आहे, ते एआयने बनवलेलं. शेवटी एका कृषी शास्त्रज्ञाच्या आवाजात सल्ला आहे, तोही एआयनेच तयार केलेला.

मोबदला कशाला म्हणायचं

पैसेच मिळाले पाहिजेत असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या आणि जाहिरात मानक परिषदेच्या नियमांत फुकट मिळालेली वस्तू, सवलत, हॉटेलचा मुक्काम, सहलीचा खर्च, नातं किंवा नोकरीचा संबंध, हे सगळं येतं. न मागता घरी आलेली बाटलीसुद्धा. म्हणजे या तरुणाने आठ हजार नाकारून फक्त बाटल्या ठेवल्या असत्या, किंवा भावाच्या कृषी सेवा केंद्रातल्या मालाची तारीफ केली असती, तरी ते सांगणं भाग होतं. चॅनलला किती सबस्क्रायबर आहेत यावर हे अवलंबून नाही.

यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओच्या Details मध्ये खाली Show more दाबलं की Paid promotion हा भाग येतो. तिथली चौकट टिचकवायची. मग व्हिडिओ सुरू होताना Includes paid promotion अशी पट्टी सुमारे दहा सेकंद दिसते. बरेच जण इथेच थांबतात, आणि खरी चूक इथेच होते. ही यूट्यूबची खूण झाली. भारतातल्या नियमांचं मोजमाप वेगळं आहे. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन मिनिटांच्या किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओत, जितका वेळ त्या मालाचं बोलणं चालू आहे तितका वेळ पडद्यावर खूण हवी. आपल्या उदाहरणात ३:१० ते ५:४०, म्हणजे पूर्ण अडीच मिनिटं ‘जाहिरात’ हा शब्द ठळक दिसला पाहिजे. याच व्हिडिओतून ४५ सेकंदांचा शॉर्ट कापला, तर एक तृतीयांश वेळ, म्हणजे १५ सेकंद. व्हिडिओच १५ सेकंदांचा किंवा त्याहून लहान असेल तर किमान तीन सेकंद. शब्द इंग्रजीत किंवा व्हिडिओच्या भाषेत चालतो. मराठी व्हिडिओला मराठीच लिहा, कारण बांधावर बसून बघणाऱ्या शेतकऱ्याला ते वाचता आलं पाहिजे. नुसतं डिस्क्रिप्शनमध्ये, हॅशटॅगच्या गर्दीत टाकलेलं धरलं जात नाही.

एआयची खूण कधी

त्याच Show more खाली Altered content हा भाग आहे. तिथे हो किंवा नाही निवडायचं. विचारणा तीन गोष्टींची असते: खऱ्या माणसाने न बोललेलं, न केलेलं त्याच्या नावावर दाखवलंय का, खऱ्या घटनेचं किंवा जागेचं चित्रण बदललंय का, आणि न घडलेलं दृश्य खरं वाटेल असं बनवलंय का. यातलं एक जरी लागू पडलं तरी ‘हो’.

या तरुणाला दोन ठिकाणी लागू पडतं: ड्रोनचं बनावट दृश्य आणि शास्त्रज्ञाचा आवाज. स्क्रिप्ट लिहायला, शीर्षक सुचवायला, थंबनेल करायला एआय वापरलं असेल तर सांगायची गरज नाही. रंग सुधारणं, मागचं धूसर करणं, चेहऱ्याचे फिल्टर आणि उघडपणे कार्टून वाटणारी दृश्यंही सुटतात. औशावर चाल करून येणाऱ्या वावटळीचं खरंखुरं भासणारं दृश्य मात्र सुटत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने रानं पाण्याखाली गेली. तशा दिवसांत बनावट पुराचा व्हिडिओ फिरला तर माणसं चुकीच्या रस्त्याने निघतात. आरोग्य, निवडणूक, पैसा, बातम्या अशा विषयांत ही खूण डिस्क्रिप्शनपुरती न राहता थेट प्लेअरवरही येऊ शकते. ‘हो’ म्हटल्याने व्हिडिओ कमी लोकांना दाखवला जात नाही आणि कमाईही बंद होत नाही, असं यूट्यूबने स्पष्ट केलंय. उलट वारंवार लपवलं तर यूट्यूब स्वतः खूण लावू शकतं, व्हिडिओ काढू शकतं, कमाईच्या कार्यक्रमातून बाहेरही काढू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खूण लावली म्हणून खोटं खरं होत नाही. एआयचं लगडलेलं रान टॉनिकच्या बोलण्याला जोडून दाखवलं की प्रेक्षक ते औषधाचा परिणाम समजतो. ‘हो’ टिचकवलं तरी ती दिशाभूल करणारी जाहिरातच राहते. ते दृश्य त्या अडीच मिनिटांतून काढायचं आणि तिथे स्वतःच्या फवारलेल्या व न फवारलेल्या ओळींचं खरं चित्रण घालायचं, दोन्ही एकाच दिवशी, एकाच वाणाचं. शास्त्रज्ञाच्या आवाजाला खुणेबरोबर त्या व्यक्तीची लेखी संमती हवी. नसेल तर तो भाग ठेवूच नये. ज्याचा आवाज वा चेहरा बनवला, तो व्हिडिओ काढून टाकण्याची मागणी यूट्यूबकडे करू शकतो.

कागदपत्रं

यूट्यूब अपलोड करताना काही मागत नाही, पण कागद जवळ असणं तुमच्याच कामाचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. त्याच कलमात सूटही आहे: दावा खरा आहे का हे तपासायची योग्य काळजी घेतली असेल तर दंड नाही. ती काळजी दाखवायची कशी, तर कागदाने. कंपनीशी झालेला करार किंवा निदान व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, पैशाची बँक नोंद, आणि ज्या दाव्यावर बोलताय त्याचा चाचणी अहवाल ठेवा. टॉनिक जैव उत्तेजक, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारं उत्पादन, असेल तर अशी उत्पादनं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली येतात, म्हणून नोंदणीचा कागद मागून घ्या. न दिल्यास काम घेऊ नका. मूळ, न कापलेलं चित्रणही तारखेसह जपा. ‘हे रान खरं आहे का?’ या प्रश्नाला त्याच्याइतकं पक्कं उत्तर दुसरं नाही.

व्हिडिओ आधीच टाकला असेल तर

स्टुडिओत Content मधून तो व्हिडिओ उघडून Details मध्ये दोन्ही खुणा नंतरही लावता येतात. Save दाबायला विसरू नका. पडद्यावरची ‘जाहिरात’ पट्टी मात्र नंतर चढवता येत नाही, आणि त्याच लिंकवर नवी फाइलही घालता येत नाही. आपल्या उदाहरणात एआयचं रान आणि शास्त्रज्ञाचा आवाज स्टुडिओच्या Editor मधल्या Trim ने कापता येईल; लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतील. टॉनिकचा भाग ठेवायचा असेल तर पट्टी घालून व्हिडिओ नव्याने टाकावा लागेल, आणि जुना काढावा लागेल.