रेड-ब्लॅक ट्रीतलं ‘पान’: उंचीच्या हमीमागची पार्श्वभूमी

एक हजार नोडांची सरळ साखळी घ्या. प्रत्येकाला फक्त उजवं मूल, आणि सगळे नोड काळे. रेड-ब्लॅक ट्री म्हणजे नोडांना लाल किंवा काळा रंग देऊन उंची लॉगच्या पटीतच राहील अशी हमी देणारं बायनरी सर्च ट्री. आता त्याचे नियम लावून बघा. मूळ काळं आहे. लागोपाठ दोन लाल कुठेच नाहीत. मुळापासून पानापर्यंतच्या प्रत्येक वाटेवर काळे नोड सारखेच आहेत, कारण मुलं नसलेला नोड शेवटचा एकटाच, म्हणजे वाटही एकच. नियम सगळे पाळले गेले आणि उंची मात्र 1000. पहिल्यांदा हे कागदावर मांडलं तेव्हा मला वाटलं, आपण एखादा नियम विसरतोय. नियम सगळे आठवत होते. चुकत होता तो ‘पान’ या शब्दाचा अर्थ.

हा शब्द असा निसरडा का झाला, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. स्वतःचा तोल सांभाळणारं पहिलं बायनरी सर्च ट्री 1962 साली सोव्हिएत संघात मांडलं गेलं. त्यात दर नोडाच्या डाव्या-उजव्या बाजूंची उंची मोजली जाते आणि फरक एकाहून जास्त होऊ दिला जात नाही. सत्तरच्या दशकात दुसरा एक विचार पुढे आला: एका नोडात एकाहून जास्त किल्ल्या ठेवू द्यायच्या, पण सगळी पानं अगदी एकाच पातळीवर ठेवायची. बी-ट्री याच घराण्यातलं. 1972 मध्ये त्या घराण्याचं बायनरी रूप आलं. मोठ्या नोडातल्या किल्ल्या सुट्या करून आडव्या जोडण्यांनी बांधायच्या आणि खालच्या पातळीवर जाणाऱ्या जोडण्या उभ्या ठेवायच्या, अशी त्याची रचना होती. 1978 मध्ये दोन संशोधकांनी आडव्या-उभ्याच्या जागी दोन रंग आणले आणि आजचं नाव रूढ झालं. लाल रंगच का, याच्या दोन आठवणी सांगितल्या जातात. एक म्हणजे त्यांच्याकडच्या नव्या रंगीत लेझर प्रिंटरवर तो सगळ्यांत चांगला उमटायचा. दुसरी म्हणजे हाताशी लाल आणि काळ्या शाईचीच पेनं होती.

रंगांमुळे सोय झाली, कारण एका बिटात काम भागलं. पण एक गोष्ट झाकली गेली. बी-ट्रीच्या भाषेत ‘सगळी पानं एकाच पातळीवर’ हे वाक्य चित्र पाहताक्षणी पटतं. रंगांच्या भाषेत त्याचं झालं ‘प्रत्येक वाटेवर काळ्यांची संख्या सारखी’, आणि वाट कुठे संपते हे वाचणाऱ्याने ओळखून घ्यायचं राहिलं.

इथे पान म्हणजे मुलं नसलेला नोड नव्हे. पान म्हणजे रिकामी जागा, कोडमध्ये जिथे NIL किंवा NULL असतं ती. प्रत्येक नोडाला दोन हात; ज्या हातात मूल नाही तिथे एक काळं पान आहे असं धरायचं. n नोडांचे हात 2n. मूळ सोडून प्रत्येक नोड कुणाच्या तरी एका हातात असतो, म्हणून n−1 हात भरलेले आणि उरलेले n+1 रिकामे. पानं नेहमी n+1 असतात, झाडाचा आकार कसाही असो. आता ती साखळी पुन्हा तपासा. मुळाच्या डाव्या हाताला लगेच पान आहे: त्या वाटेवर मूळ आणि पान, दोन काळे. उजवीकडून खालपर्यंत गेलं तर एक हजार नोड आणि पान, 1001 काळे. नियम पहिल्याच पायरीवर मोडला.

वर्गात आणि मुलाखतीत ‘पान’ म्हणजे मुलं नसलेला नोड असं शिकलेला माणूस रेड-ब्लॅकचे नियम वाचतो तेव्हा हाच जुना अर्थ बरोबर घेऊन येतो, आणि पाठ्यपुस्तकं हा अर्थबदल बहुधा एका ओळीत उरकतात. माझ्या मते ही एक ओळ, तोल सावरायला नोड वरखाली फिरवणाऱ्या सगळ्या रोटेशनांपेक्षा जास्त मोलाची आहे. रोटेशन चुकलं तर झाड कुठेतरी बिघडतं आणि ते दिसतं. पानाचा अर्थ चुकला तर बिघडलेलं झाडही तपासणीत पास होतं.

हमी कशी मिळते, ते एका छोट्या झाडावर पाहू. रिकाम्या झाडात 10, 20, 30, 40, 50, 60 या क्रमाने किल्ल्या घाला. नवा नोड नेहमी लाल. 30 आल्यावर 20 आणि 30 लागोपाठ लाल होतात, 30 चा काका रिकामा, म्हणून रोटेशन होऊन 20 वर येतो. 40 ला काका लाल मिळतो, नुसते रंग बदलतात. 50 ला पुन्हा रोटेशन. 60 ला पुन्हा रंगबदल. शेवटी उरतं ते असं:

```
20 काळा
├── 10 काळा
└── 40 लाल
    ├── 30 काळा
    └── 50 काळा
        └── 60 लाल (उजवीकडे)
```

सहा नोडांना चार पातळ्या. डावीकडची वाट 20, 10 अशी दोनच नोडांची. उजवीकडची 20, 40, 50, 60 अशी चारची. एक वाट दुसरीच्या बरोब्बर दुप्पट. चार पातळ्यांचं झाड सहापेक्षा कमी नोडांत बांधताच येत नाही. म्हणजे नुसत्या चढत्या क्रमाने किल्ल्या घातल्या की नियमांच्या अगदी काठावरचं झाड हाती येतं.

आता लाल नोड वर ओढून आपल्या काळ्या पालकात विरघळवा. 40 जातो 20 मध्ये, 60 जातो 50 मध्ये. वर एक जाड गाठ उरते, 20 आणि 40 ची. तिच्याखाली तीन गाठी: 10, 30, आणि 50-60. या गाठींच्या पातळ्या दोन, आणि सातही पानं सारख्याच खोलीवर. 1978 च्या रंगांखाली दबलेलं बी-ट्री असं पुन्हा वर येतं. लागोपाठ दोन लाल नसल्यामुळे एका गाठीत जास्तीत जास्त तीन किल्ल्या येतात: मधला काळा आणि त्याचे दोन लाल. मूळ झाडात अशी गाठ दोनपेक्षा जास्त पातळ्या अडवत नाही.

पुढचा हिशोब लहान आहे. गाठींच्या पातळ्या B असतील आणि प्रत्येक गाठीला निदान दोन मुलं असतील, तर पानं निदान 2^B. पण पानं तर n+1 आहेत हे आपण मोजलंय. म्हणून B ≤ log2(n+1). एका गाठीच्या जास्तीत जास्त दोन पातळ्या, म्हणून मूळ झाडाची उंची h ≤ 2·log2(n+1). काळ्यांच्या संख्येचा नियम लॉग देतो, लालांचा नियम दोनचा गुणक देतो. 10 लाख नोडांना हे सूत्र 39 पातळ्या सांगतं. नोड मोजत नेमकं बसवलं तर प्रत्यक्षात गाठता येणारी सगळ्यात वाईट उंची 37 निघते. 1962 च्या पद्धतीत हाच आकडा 28 आहे आणि पूर्ण भरलेल्या झाडात 20.

दुसरा गुंता ‘काळी उंची’ या संज्ञेचा. एका नोडाखालच्या वाटेवरचे काळे मोजायचे हे सगळे मान्य करतात. तो नोड स्वतः मोजायचा का, आणि पान मोजायचं का, यावर पुस्तकं वेगवेगळी आहेत. वरच्या झाडात 20 ची काळी उंची स्वतःला वगळून, पान धरून 2 येते (10 आणि पान). स्वतःला धरून, पान वगळून तीही 2 येते (20 आणि 10). काळ्या नोडाला दोन्ही पद्धती एकच उत्तर देतात, म्हणून मिसळ लक्षात येत नाही. लाल नोडाला मात्र उत्तरं वेगळी. 40 साठी पहिली पद्धत 2 देते, दुसरी 1. दोन्ही टोकं धरली तर 20 ला 3 मिळतात. ‘काळी उंची b असेल तर निदान 2^b − 1 नोड’ हे विधान पहिल्या पद्धतीचं आहे; त्यात 3 घातले तर निदान सात नोड हवेत असं निघतं, आणि झाडात आहेत सहा. असा विरोध दिसला की सिद्धता शोधत बसण्याआधी मोजणीची दोन्ही टोकं तपासावीत.

मूळ काळंच असावं हा नियम कधी यादीत असतो, कधी नसतो. उंचीच्या मर्यादेला त्याची गरज नाही: h नोडांच्या वाटेवर मुळाखाली पान धरून h जागा असतात आणि त्यातल्या निदान अर्ध्या काळ्या असतात, मूळ कुठल्याही रंगाचं असो. लाल मूळ काळं केलं तरी सगळ्याच वाटांवर एक काळा वाढतो, समता टिकते. विरघळवायच्या युक्तीत मात्र लाल मुळाला वर पालक नसतो, आणि घालण्याच्या कोडमध्ये आजोबा नक्की आहेत हे गृहीत धरता येत नाही. एवढ्या सोयीसाठी तो ठेवतात.

पुढच्या काळात नियम सोपे करण्याचे प्रयत्न झाले. 1993 मधल्या रूपात लाल फक्त उजवीकडे चालतो, 2008 मधल्या एका रूपात फक्त डावीकडे. प्रत्यक्ष वापरात मात्र 1978 ची सममित मांडणीच टिकली. लिनक्स कर्नलच्या शेड्युलरमध्ये 2007 पासून चालण्यासाठी थांबलेली कामं अशाच झाडात राहतात. 2023 मध्ये निवडीची पद्धत बदलली, झाड तेच राहिलं. तिथे रंगाला वेगळी जागाही नाही, पालकाच्या पॉइंटरच्या खालच्या मोकळ्या बिटात तो बसतो. पानांसाठी नोड बनवत नाहीत, NULL म्हणजेच काळं पान. lib/rbtree.c उघडलं की सुरुवातीच्या टिपणीत पाच नियम आहेत, त्यात पानांपुढे NULL स्पष्ट लिहिलंय, आणि लॉगची हमी चौथ्या-पाचव्या नियमातून येते असंही.

माझा स्वतःचा तपासणी-कोड बराच काळ चुकीचा होता. एकच मूल असलेल्या नोडाशी तो रिकाम्या बाजूची मोजणी करतच नसे, आणि साखळी पास व्हायची. आता तो असा आहे:

```python
import sys
sys.setrecursionlimit(5000)  # हजार नोडांच्या साखळीला पायथनची नेहमीची मर्यादा पुरत नाही

def kali(x):
    if x is None:
        return 1
    d, u = kali(x.left), kali(x.right)
    assert d == u
    return d + (1 if x.black else 0)
```

None ला 1 परत देणारी ओळ म्हणजेच ते काळं पान. हे फंक्शन दोन्ही टोकं धरून मोजतं, म्हणून वरच्या झाडाच्या मुळाला ते 3 देतं. हजार काळ्या नोडांच्या साखळीत तळाच्या नोडाचे दोन्ही हात रिकामे, म्हणून तो निभावतो आणि 2 परत देतो. त्याच्या वरच्या नोडाशी डावीकडून 1 आणि उजवीकडून 2 येतात आणि assert तिथेच थांबवतं.