गुंतवणूकदारावर प्रतिदावा: वाट कुठून सुरू झाली, कुठे अडली

गुंतवणूक करार दोन देश करतात, पण त्याखाली लवादात दावा लावतो तो गुंतवणूकदार. करारात कर्तव्यं सगळी यजमान देशाची: मालमत्ता मोबदल्याशिवाय घ्यायची नाही, न्याय्य वागणूक द्यायची. कंपनीनं काय करायचं, याबद्दल बहुतेक जुने करार गप्प आहेत. त्यामुळे कंपनीनं नुकसान केलं तर त्याच लवादात देशाला उलट दावा, म्हणजे प्रतिदावा, लावता येतो का, हा प्रश्न अनेक वर्षं लोंबकळत राहिला.

दार तसं पहिल्यापासून होतं. गुंतवणुकीचे वाद लवादानं सोडवणाऱ्या वॉशिंग्टनच्या इक्सिड केंद्राच्या 1965 च्या करारातलं कलम 46 प्रतिदाव्याला परवानगी देतं. अटी मात्र कडक आहेत: प्रतिदावा मूळ वादाच्या विषयातूनच थेट निघालेला हवा आणि दोन्ही पक्षांच्या संमतीच्या कक्षेत बसायला हवा. खरी अडचण या संमतीत आहे. देश आपली संमती करारातच देऊन ठेवतो आणि गुंतवणूकदार दावा दाखल करून ती स्वीकारतो. म्हणजे करारातलं वादनिवारणाचं कलम जेवढं रुंद, तेवढीच संमती.

हे किती शब्दावर अडतं, ते रूसालिस विरुद्ध रुमानिया या खटल्यात दिसलं. ग्रीक गुंतवणूकदारानं खासगीकरणात गोठवलेल्या अन्नाच्या साठवणुकीची कंपनी घेतली होती. खरेदीनंतर आणखी 14 लाख डॉलर गुंतवण्याची अट पाळली नाही, असा रुमानियाचा प्रतिदावा होता. पण ग्रीस-रुमानिया कराराचं कलम ‘देशाच्या कर्तव्यांबाबतच्या’ वादांपुरतं होतं. 2011 मध्ये बहुमतानं प्रतिदावा ऐकायलाच नकार दिला. लवादातले मायकल राइसमन यांचं मत वेगळं पडलं: इक्सिड निवडलं की कलम 46 आपोआप लागू होतं, प्रतिदावा नाकारला तर देश स्वतःच्या कोर्टात जाणार, आणि त्या कोर्टांपासून दूर राहायलाच तर गुंतवणूकदार इथे आलेला असतो. मला हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो.

उलट उदाहरण अर्जेंटिनाचं. स्पेन-अर्जेंटिना कराराचं कलम ‘गुंतवणुकीसंबंधीचे वाद’ एवढं मोकळं होतं आणि कोणत्याही पक्षाला लवादाकडे जाता येत होतं. बृहद् ब्युनोस आयर्समधल्या पाणीपुरवठ्याचा ठेका घेतलेल्या कंपनीनं ठरलेला विस्तार केला नाही, त्यामुळे लोकांच्या पाण्याच्या हक्काचा भंग झाला, असं देशाचं म्हणणं होतं. त्या कंपनीची स्पॅनिश भागधारक अर्बासेर हिच्या प्रकरणातल्या 2016 च्या निवाड्यात लवादानं प्रतिदावा ऐकला, पण फेटाळला. पाणी पुरवण्याचं बंधन कंपनीवर होतं ते ठेक्यामुळे. आंतरराष्ट्रीय कायद्यानं ते देशावर टाकलेलं आहे, कंपनीवर नाही. दार उघडलं, पण आत बोट ठेवायला कर्तव्यच नव्हतं.

मग यश कुठे मिळालं? इक्वेडोरमध्ये, आणि तेही करारामुळे नाही. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या तेलक्षेत्र 7 आणि 21 मधल्या प्रदूषणाबद्दलचा प्रतिदावा याच लवादानं ऐकावा, हे तिथे तेल काढणाऱ्या बर्लिंग्टन कंपनीनं 2011 मध्ये वेगळ्या समझोत्यानं मान्य केलं होतं. म्हणजे संमतीचा प्रश्न मिटला. कर्तव्य मिळालं इक्वेडोरच्या देशी पर्यावरण कायद्यातून, ज्यात हानीसाठी चूक सिद्ध करावी लागत नाही. लवादानं तेलक्षेत्रांना भेट दिली आणि एकेका जागेचा सफाईखर्च वेगळा काढला. अब्जावधींच्या मागणीतून फेब्रुवारी 2017 मध्ये हाती आले सुमारे 4 कोटी 18 लाख डॉलर. कंपनीला तिच्या मूळ दाव्यात मिळालेली भरपाई होती जवळपास 38 कोटी. वर्षअखेर तडजोड झाली ती 33 कोटी 70 लाखांवर.

भारतानं हीच पोकळी करारात भरायचा प्रयत्न केला. कोल इंडियाशी संबंधित, ऑस्ट्रेलियाच्या व्हाइट इंडस्ट्रीज कंपनीच्या प्रकरणात 2011 मध्ये निवाडा विरोधात गेल्यावर भारतानं नमुना करार, म्हणजे इतर देशांशी बोलणी करताना आधार धरायचा मसुदा, नव्यानं लिहायला घेतला. मार्च 2015 च्या मसुद्यात गुंतवणूकदाराच्या कर्तव्यांचं स्वतंत्र प्रकरण होतं: लाचखोरी नको, माहिती उघड करा, कर भरा, देशाचे कायदे पाळा. त्यांचा भंग झाला तर देशाला प्रतिदावा लावता येईल आणि भरपाई मागता येईल, असंही स्पष्ट लिहिलं होतं. रूसालिसमधली आणि अर्बासेरमधली, दोन्ही भोकं एकाच मसुद्यात बुजत होती.

डिसेंबर 2015 मध्ये मंजूर झालेल्या अंतिम नमुन्यात प्रतिदाव्याचं कलम उरलं नाही. कायदे पाळण्याची आणि लाच न देण्याची कर्तव्यं राहिली. सामाजिक जबाबदारी मात्र ‘स्वेच्छेनं प्रयत्न करावा’ इतकी मऊ झाली. भ्रष्टाचारानं केलेल्या गुंतवणुकीवर दावा लावता येत नाही, ही अट आहे. शिवाय भरपाईच्या कलमाला एक तळटीप आहे, जी सहज नजरेतून सुटते: पर्यावरणाची किंवा स्थानिक लोकांची हानी करून ती भरून दिली नसेल, तर लवाद भरपाईची रक्कम कमी करताना तिचा विचार करू शकतो. पण वजाबाकी शून्यापर्यंतच होते. हानी भरपाईपेक्षा मोठी असेल, तर वरची रक्कम या मार्गानं वसूल होत नाही. आणि कंपनीनं दावाच लावला नाही, तर तळटीप कधी वापरातच येत नाही.